आधी जबाब, मग विचारपूस

सलामच्या जबाबाविषयीचा मूळ आदेश दिव्य कुरआनात सूरह निसाच्या ८६व्या आयतीत आला आहे. कोणी तुम्हाला अभिवादन केले तर त्याहून उत्तम शब्दांत त्याला प्रत्युत्तर द्या, निदान तेवढेच तरी परत करा, असा त्या आयतीचा आशय आहे आणि अल्लाह प्रत्येक गोष्टीचा हिशेब घेणारा आहे, या इशाऱ्यावर ती संपते. अभिवादन करणारा ओळखीचा असावा, प्रतिष्ठित असावा किंवा त्याच्याकडून आपला काही लाभ व्हावा, अशी कोणतीही अट या आदेशात नाही. म्हणूनच धर्मशास्त्रज्ञांनी सलाम करणे सुन्नत आणि त्याचा जबाब देणे वाजिब मानले आहे. जबाब हे सलाम करणाऱ्याचे आपल्यावरील ऋण आहे. ते त्याचे काम समजण्याआधीच फेडायचे असते.

आजच्या आपल्या व्यवहारात मात्र हा जबाब बहुधा एकटा येत नाही. दुकानदार सलामचा जबाब देतो आणि त्याच श्वासात विचारतो, "काय दाखवू?" दवाखान्यातील मदतनीस म्हणतो, "व अलैकुमुस्सलाम, नवीन की जुना पेशंट?" शिकवणीच्या कार्यालयात विचारले जाते, "कितवीसाठी प्रवेश हवा?" या वाक्यांत उद्धटपणा नाही, कित्येकदा तर अगत्यच असते. तरीही तीनही ठिकाणी एक गोष्ट घडली आहे. आलेल्या माणसाने अद्याप एकही शब्द सांगितलेला नाही आणि तो गिऱ्हाईक, रुग्ण किंवा पालक ठरून गेला आहे. ही घाई का टाळावी आणि तिच्याऐवजी काय करावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

मदीनेच्या बाजारातील एक माणूस

इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता' या हदीससंग्रहात एक वृत्तान्त आहे. माननीय उबई बिन कअब (रजि.) यांचे चिरंजीव तुफैल हे सकाळी माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडे जात आणि दोघे मिळून बाजारात निघत. वाटेत जुन्यापुराण्या किरकोळ वस्तू विकणारा भेटो, मोठा व्यापारी भेटो की एखादा दरिद्री मनुष्य भेटो, इब्ने उमर (रजि.) प्रत्येकाला सलाम करीत पुढे जात. एके दिवशी त्यांनी पुन्हा बाजारात येण्यास सांगितले तेव्हा तुफैल यांनी विचारले की, आपण बाजारात जाऊन करणार तरी काय? आपण कोणत्या दुकानापाशी थांबत नाही, मालाची चौकशी करीत नाही, भावाची घासाघीस करीत नाही, बाजारातील बैठकींतही बसत नाही. त्यापेक्षा इथेच बसून बोलू या. त्यावर इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितले की, आपण जातो ते केवळ सलामसाठी, जो भेटेल त्याला सलाम करण्यासाठी.

हा वृत्तान्त सलामची महती सांगताना नेहमी उद्धृत केला जातो. परंतु तो दुकानदाराच्या बाजूने वाचून पाहावा. बाजारात दुकान मांडून बसलेल्या माणसासमोर कोणी येऊन सलाम करतो. दुकानदाराचा रोजचा अनुभव असा की समोर येणारा दहांपैकी नऊ वेळा काही घ्यायलाच आलेला असतो. पण हा दहावा माणूस सलाम द्यायला आला आहे, घ्यायला काही नाही. त्याला "काय दाखवू?" असे विचारले तर सलाम हा सौद्याचा आरंभ ठरतो. त्याने आणलेली शांतीची प्रार्थना त्याच्या हातून घेतलीच जात नाही. तिच्याऐवजी त्याच्यापुढे माल ठेवला जातो.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसनुसार, इस्लाममधील कोणती गोष्ट उत्तम, असे विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन गोष्टी सांगितल्या: लोकांना जेवू घालणे, आणि ओळखीच्या व अनोळखी माणसाला सलाम करणे. अनोळखी माणसाचा उल्लेख येथे मुद्दाम आहे. ज्याला आपण ओळखत नाही त्याचे काम आपल्याला माहीत असणे शक्यच नाही. मग त्याच्या सलामला जबाब देताना त्याचे काम आपल्याला माहीत आहे असे गृहीत कसे धरता येईल?

इब्राहीम (अ.) यांनी पाळलेला क्रम

अनोळखी माणसाच्या सलामला जबाब कसा द्यावा, याचे सर्वांत सविस्तर उदाहरण दिव्य कुरआनात इब्राहीम (अ.) यांच्या पाहुण्यांच्या प्रसंगी येते. सूरह जारियातच्या २४ ते ३१ या आयतींत त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. पाहुणे आत आले व त्यांनी सलाम केला. इब्राहीम (अ.) यांनी सलामनेच उत्तर दिले. भाष्यकारांनी दाखवून दिले आहे की, अरबी व्याकरणाच्या दृष्टीने त्यांच्या जबाबाचे रूप पाहुण्यांच्या सलामपेक्षा अधिक स्थायी व भारदस्त आहे, म्हणजे उत्तम शब्दांत परतफेड करण्याचा आदेश येथे प्रत्यक्षात उतरला आहे. त्यानंतर हे लोक आपल्या ओळखीचे नाहीत, अशी नोंद येते. मग ते गाजावाजा न करता घरात गेले आणि धष्टपुष्ट वासराचे भोजन घेऊन आले. पाहुणे जेवले नाहीत, तेव्हा त्यांच्या मनात भीती उत्पन्न झाली. पाहुण्यांनी धीर दिला आणि ज्ञानी पुत्राची शुभवार्ता सांगितली. एवढे सारे झाल्यावर इब्राहीम (अ.) यांनी विचारले की, आपले येण्याचे प्रयोजन काय?

या प्रसंगात इब्राहीम (अ.) यांनीही एक गोष्ट गृहीत धरलीच होती, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. हे प्रवासी आहेत व जेवतील, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ते फरिश्ते होते आणि जेवणारे नव्हते. परंतु त्यांच्या गृहीतकात आणि आपल्या काउंटरवरच्या गृहीतकात एक मूलभूत फरक आहे. समोरच्याला पाहुणा समजले तर खर्च आपला होतो, आणि समज चुकीची ठरली तरी त्याचे काही बिघडत नाही. समोरच्याला गिऱ्हाईक समजले तर आपण त्याच्याकडून काही अपेक्षिलेले असते, आणि समज चुकली तर संकोच त्याच्या वाट्याला येतो. "नाही हो, घ्यायचं काही नाही," असे त्याला जणू अपराध्यासारखे म्हणावे लागते. म्हणून सलामपाठोपाठ काही द्यावेसे वाटलेच तर बसायला जागा द्यावी, पाणी द्यावे. नाव मात्र त्याला आपण देऊ नये. तो कोण, हे तो स्वतः सांगेल.

शेवटी विचारलेला प्रश्नही लक्षात ठेवण्याजोगा आहे. येथे जो अरबी शब्द आला आहे तो 'खत्ब', म्हणजे महत्त्वाचे काम किंवा प्रकरण. हाच शब्द सूरह कससच्या २३व्या आयतीत मूसा (अ.) यांच्या तोंडी येतो. मद्यनच्या पाणवठ्यावर ते पोहोचले तेव्हा लोकांची गर्दी जनावरांना पाणी पाजत होती आणि दोन स्त्रिया आपली जनावरे रोखून बाजूला उभ्या होत्या. मूसा (अ.) यांनी त्यांना विचारले की, तुमचे काय काम आहे? मेंढपाळ आपली जनावरे घेऊन गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही आणि आमचे वडील फार वृद्ध आहेत, असे त्यांनी सांगितले. या उत्तरातील दोन्ही गोष्टी नुसत्या पाहण्याने कळणाऱ्या नव्हत्या. त्या कोणाची वाट पाहत असतील, कोणाची जनावरे राखत असतील, असे कितीतरी तर्क करता आले असते. घरातील वृद्ध वडील तर पाणवठ्यावरून दिसणे शक्यच नव्हते. मूसा (अ.) यांनी विचारले, ऐकले आणि मग मदत केली.

सलामच्या मागचा हेतू वाचण्याचा धोका

या सौजन्याला दुसरी, अधिक गंभीर बाजूही आहे. सूरह निसामध्येच, जबाबाच्या आदेशानंतर थोड्याच अंतरावर, ९४वी आयत येते. माननीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हवाल्याने बुखारीत तिची पार्श्वभूमी आली आहे. थोड्याशा शेळ्यामेंढ्या घेऊन जाणारा एक मनुष्य मुस्लिमांच्या एका तुकडीला भेटला व त्याने सलाम केला. तो मनापासून सलाम करीत नाही, असे समजून त्यांनी त्याला ठार केले आणि त्याचा कळप घेतला. त्यावर ही आयत अवतरली. तिने आधी नीट चौकशी करण्याचा आदेश दिला, सलाम करणाऱ्याला तू ईमानवाला नाहीस असे म्हणण्यास मनाई केली, आणि असे म्हणण्यामागे ऐहिक लाभाची इच्छा असते हेही उघड केले. तुम्हीही पूर्वी अशाच स्थितीत होता, याचे स्मरणही तिने करून दिले.

तो प्रसंग जिवावर बेतलेला होता. दुकानातील एक घाईचे वाक्य आणि तो प्रसंग यांची बरोबरी करता येणार नाही. परंतु आयतीने चुकीचे जे मूळ दाखविले ते लहान व्यवहारातही तेच असते. सलाम ऐकण्याऐवजी सलामच्या मागे काय आहे याचा अंदाज बांधला जातो, आणि तो अंदाज आपल्या लाभाच्या दिशेने झुकतो. दुकानदाराला प्रत्येक माणसात गिऱ्हाईक दिसते, कारण त्याला गिऱ्हाईक हवे असते.

मुलुंडच्या एका जिन्यावर

आता हे आपल्या परिसरात आणून पाहू. मुलुंड पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्याकडे जाताना अशा अनेक इमारती दिसतात की जिथे तळमजल्यावर औषधाचे दुकान, पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि त्याच्या वर शिकवणीचे वर्ग असतात. एकाच जिन्याने तीन प्रकारची माणसे चढतात. समजा, त्यांपैकी एका दवाखान्यात पन्नाशीचा एक गृहस्थ येतो व सलाम करतो. मदतनीस जबाब देतो, नाव विचारतो आणि सांगतो, "अकरावा नंबर, बसा." गृहस्थ बोलू पाहतो, तोवर फोन वाजतो. तो बसतो. तासाभराने आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि तो म्हणतो, "मला काही नाही. माझ्या सासूबाई आपल्या पेशंट आहेत. त्यांची साखरेची गोळी काल चुकून दोनदा घेतली गेली. सकाळपासून त्यांना घाम येतोय आणि त्या झोपेतच आहेत."

मधुमेहाच्या काही गोळ्या जास्त प्रमाणात गेल्या तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, गोंधळल्यासारखे वागणे आणि गुंगी येणे, ही त्याची लक्षणे होत. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर त्याला ताबडतोब साखर द्यावी लागते. गुंगीत असेल तर तोंडात काही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे लागते. या गृहस्थाला नंबराची गरजच नव्हती. त्याला दोन वाक्ये बोलायची होती. आलेला तो रुग्ण असे धरून चालल्यामुळे, घरात असलेला खरा रुग्ण तासभर कोणाच्या ध्यानातच आला नाही.

येथे मदतनीसाने उद्दामपणा केला नाही, नियमही मोडला नाही. त्याच्याकडून एकच पायरी गळली. जबाब आणि नंबर यांच्यामध्ये "बोला" हा एक शब्द यायला हवा होता.

आपल्या मराठीत या पायरीसाठी फार चांगले शब्द आहेत. "काय हवंय?" या प्रश्नात समोरचा घेणारा ठरतो. "काय होतंय?" मध्ये तो आजारी ठरतो. "कितवीला?" मध्ये तो विद्यार्थी किंवा पालक ठरतो. परंतु "बोला", "काय म्हणता?", "काय काम काढलंत?" या विचारण्यात त्याला कोणतेही नाव मिळत नाही. बोलण्याची पाळी त्याची होते. म्हणून "व अलैकुमुस्सलाम व रहमतुल्लाह. या, बोला," एवढे वाक्य दुकानात, दवाखान्यात आणि वर्गाच्या दारात सारखेच चालते. सलाम न करता "नमस्कार" म्हणत येणाऱ्या शेजाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. त्याच्या अभिवादनाचे सन्मानाने उत्तर द्यावे आणि त्यालाही आधी बोलू द्यावे.

आपली सवय चुकते आहे हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. आपल्या पहिल्या वाक्यानंतर समोरच्याला "नाही, मी त्यासाठी आलो नाही" असे म्हणावे लागते का, ते दोन दिवस पाहावे. ज्या वाक्यानंतर हे उत्तर वारंवार येते, ते वाक्य बदलावे.

व्हॉट्सॲपवरील ठरावीक जबाब

हीच चूक आता माणसाच्या अनुपस्थितीतही होऊ लागली आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर स्वागतसंदेश ठरवून ठेवण्याची सोय आहे. कोणी प्रथमच निरोप पाठविला, किंवा १४ दिवस संवाद नसताना पुन्हा पाठविला, तर तो मजकूर आपोआप जातो. अनेक दुकानदार बांधव त्यात सलामचा जबाब आणि "आमच्या दुकानास पसंती दिल्याबद्दल आभार, ऑर्डरसाठी यादी पाहा" असे लिहून ठेवतात. आता एखाद्याने आधी फक्त सलाम लिहून पाठविला आणि त्याचा पुढचा निरोप मय्यतच्या नमाजच्या वेळेविषयी असेल, तर त्या दोहोंच्या मध्ये आभार आणि मालाची यादी जाऊन बसते. ज्याने सलाम न लिहिता नुसता भाव विचारला, त्यालाही "व अलैकुमुस्सलाम" जाते, म्हणजे न केलेल्या सलामचा जबाब.

इमाम नववी (रह.) यांनी 'अल-अजकार' मध्ये लिहिले आहे की, पत्रातून आलेल्या सलामचा जबाब ते पत्र हाती पडताच द्यावा. यावरून, जबाबाचा संबंध सलाम कळण्याशी आहे, असे दिसते. म्हणून आपोआप जाणाऱ्या मजकुरात सलामचा जबाब ठेवू नये, आणि गिऱ्हाईक हा शब्दही ठेवू नये. "आपला निरोप पोहोचला. काम कृपया लिहून ठेवावे, वाचून उत्तर देऊ," एवढे पुरेसे आहे. सलामचा जबाब तो निरोप वाचल्यावर स्वतः द्यावा.

दोन शंका

पहिली शंका अशी की, स्वतः धर्मशास्त्रज्ञांनी सलाम करणाऱ्यांत फरक केला नाही काय? हनफी ग्रंथांत, 'फतावा आलमगिरी'तही, असे आले आहे की, दारात येऊन भीक मागणाऱ्याच्या सलामचा जबाब वाजिब नाही. त्याचे कारण असे दिले जाते की, त्याचा सलाम भेटीचे अभिवादन म्हणून नसून मागण्याचा भाग असतो. हा भेद खरा आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तेथे मागणे उघड झालेले असते, अंदाज बांधलेला नसतो. आणि ती सवलत जबाबाच्या सक्तीपुरती आहे, जबाब देण्यास मनाई नाही. या मसल्यावरून प्रत्येक सलामच्या मागे मागणे आहे असे धरून चालण्याची परवानगी निघत नाही. उलट, मागण्यापासून मुक्त असलेला सलाम हेच अभिवादनाचे खरे रूप आहे, असे त्यातून सिद्ध होते.

दुसरी शंका कामाच्या गर्दीची. संध्याकाळी दुकानात दहा माणसे उभी असताना प्रत्येकाचे ऐकत कसे बसावे? ऐकणे म्हणजे लगेच काम करून देणे नव्हे. काम ऐकल्यानंतर "आपला नंबर अकरावा, बसा" असे सांगण्यास काहीच हरकत नाही. सूरह नूरच्या २८व्या आयतीने तर दारात आलेल्याला परत जाण्यास सांगितले गेले तर त्याने परत जावे, असेच शिकविले आहे. कोणाच्या हातात औषधाची चिठ्ठी दिसत असेल तर ती पाहून हात पुढे करणेही योग्यच आहे, कारण चिठ्ठी पुढे करून त्याने आपले काम एक प्रकारे सांगितलेलेच असते.

येणाऱ्यानेही आपला वाटा उचलावा. माननीय जाबिर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) दारावर थाप दिली असता, कोण आहे, असे विचारले गेले. त्यांनी "मी" एवढेच उत्तर दिले आणि ते प्रेषितांना (स.) आवडले नाही, असे बुखारी व मुस्लिममध्ये आहे. सलाम करून गप्प उभे राहणारा माणूस समोरच्याला अंदाज बांधण्यास भाग पाडतो. सलामनंतर नाव आणि काम एका वाक्यात सांगावे: "मी अमुक, स्वतःसाठी नाही, सासूबाईंच्या तब्येतीचं विचारायला आलोय." त्या जिन्यावरच्या गृहस्थाने दारातच एवढे म्हटले असते तर तासभर वाचला असता.

दोन्ही बाजूंनी क्रम एकच आहे. सलाम, त्याचा पूर्ण जबाब, मग कामाची विचारणा, आणि ते ऐकल्यानंतर जे नाव लागू असेल ते. इब्राहीम (अ.) यांच्या घरातही प्रयोजनाचा प्रश्न शेवटीच आला होता.

अल्लाह आपणा सर्वांना सलामचा हक्क ओळखण्याची आणि समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.